आमची वाटचाल : आईच्या चटणीशी लावलेली पैज

आमचा कांदा-लसूण चटणीचा कारखाना लहान. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी, आणि कुटणं डंकावर. माल कोल्हापुरातल्या किराणा दुकानांत जायचा, जाहिरात अशी काही नव्हतीच. गेल्या मे महिन्यात मार्केटिंगला एक इंटर्न मुलगी आली आणि तिनं धाडसी कल्पना मांडली: ‘आईच्या चटणीपेक्षा भारी? लावा पैज!’

लोकांनी घरची चटणी डबीत घेऊन रंकाळ्यावर यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधून भाकरीबरोबर दोन्ही चाखायच्या आणि सरस कोणती ते सांगायचं. आम्ही शूटिंग करून व्हिडिओ टाकायचा, खाली सवलतीचं कुपन.

गर्दी झाली, व्हिडिओही खूप फिरला. पण जवळजवळ प्रत्येकानं घरचीच चटणी निवडली आणि शहरातून ऑर्डर जेमतेम आल्या. पोरगी हिरमुसली. मी सगळ्यांना एकत्र बसवलं, कारण पैसे गेले होते तर निदान कारण तरी हाती लागायला हवं होतं.

कुटण विभागातल्या काकी पहिल्यांदा बोलल्या, “अगं, मे महिन्यात कुणाच्या घरात चटणी नसती व्हय? आत्ताच तर वर्साच्या बरण्या भरल्यात.”

मग चाचणीचीच उलटतपासणी झाली. पट्टी डोळ्यांवर होती, नाक मोकळंच होतं. खोबरं, तीळ, लसूण यांचं प्रमाण घरागणिक वेगळं, त्यामुळं वासावरूनच माणूस आपली चटणी ओळखत होता. शिवाय आमची चटणी दर वेळी दुसरी दिली जायची. पहिल्या तिखटानं जीभ बधिर झाल्यावर दुसरीची चव नीट कळत नाही. मध्ये पाणी दिलं होतं, पण मिरचीतला तिखट घटक पाण्यात फारसा विरघळत नाही. ताक द्यायला हवं होतं आणि क्रमही आलटून पालटून ठेवायला हवा होता.

खरी गोष्ट मात्र त्या इंटर्न मुलीनंच शोधली. कुपनवर आलेल्या ऑर्डरींचे पिनकोड तिनं वेगळे काढले, तर इकडचे ४१६ कमी आणि पुण्याचे ४११ जास्त. तिनं त्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावला. बहुतेक नोकरी-शिक्षणासाठी गेलेली इकडचीच मुलं. घरून आणलेली चटणी संपलेली, आणि खोलीवर किलोभर ठेवायला जागा नाही.

व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा आम्ही आता बैठकीत शेवटी घेतो. आधी ऑर्डर कुठून आली आणि त्याच गिऱ्हाइकानं पुन्हा मागवली का, हे बघतो. प्रत्येक ठिकाणासाठी कुपन वेगळं असतं, म्हणजे कुठला खर्च फळला ते कळतं. नवी कल्पना आधी एका पेठेत करून बघायची, मग शहरभर. पुण्यासाठी पाव किलोचं पाकीट काढलं. ते गणपतीनंतर पाठवतो, कारण सुट्टीला घरी आलेली मुलं परत जाताना डबा भरून नेतात आणि तो संपायला थोडे दिवस लागतात. ते पाकीट कसं असावं हे त्याच मुलीनं ठरवलं. इंटर्नशिप संपली, पण पुण्याच्या ऑर्डरी आता तीच सांभाळते, पगारावर.