रोकड सगळ्यात शेवटी

महिनाअखेरीला माझे पैसे तीन ठिकाणी पांगलेले असतात. पर्समध्ये पाचशेची एक नोट, मोबाईलच्या वॉलेटमध्ये कॅशबॅक साठून झालेले तीनशे बारा रुपये आणि बाकीचे बँकेत, तेही घराच्या हप्त्याला धक्का लागू न देता वापरायचे. अशा वेळी सुपरमार्केटमध्ये २,३४८ रुपयांचं बिल झालं की मी एका दमात सांगून टाकते, "थोडे वॉलेटमधून, थोडे कार्डावर आणि पाचशे रोख." रांगेत मागून कुणीतरी सुस्कारा सोडतं. मी तो ऐकलेला नसतो.

"दोन बिलं करून घ्या ना," असं एका गृहस्थांनी सुचवलंही होतं. पण दोन हजारांच्या वर खरेदी केली तर साखर निम्म्या भावात, अशी पाटी तिथेच टांगलेली होती. बिल फोडलं की ऑफर गेली. बिल एकच ठेवायचं, फोडायचं ते पैसे देणं.

काउंटरवरच्या मुलीला मात्र या प्रकाराचं काही वाटत नाही. तिचा क्रम ठरलेला असतो. "काकू, वॉलेटचं आधी करू, मग कार्ड. कॅश शेवटी द्या." ती वॉलेटचे ३१२ टाकते, स्क्रीनवर बाकी २,०३६ दिसतात. आता कार्डावर किती? इथे मी हिशेब उलटा करते. माझी नोट पाचशेची, ती मोडायची नाही. म्हणून कार्डावर १,५३६. वेडावाकडा आकडा कार्डाच्या गळ्यात घालायचा, कारण कार्डाला सुट्टे लागत नाहीत. कार्डावर गोल सोळाशे घेतले असते, तर रोख द्यायचे ४३६ उरले असते, आणि पाचशेतले चौसष्ट रुपये परत देण्यासाठी तिने शेजारच्या काउंटरकडे पाहिलं असतं.

रोख शेवटी का, हे एकदा कार्ड अडकलं की समजतं. वॉलेट आणि कार्ड दोन्ही नाही म्हणू शकतात: नेटवर्क नाही, शिल्लक नाही, सर्व्हर झोपलाय. नोट कधी नाही म्हणत नाही. ती आधी घेतली, गल्ला उघडून आत ठेवली, नोंद केली आणि नंतर कार्ड चाललं नाही, तर अर्धवट भरलेलं बिल लटकतं. ते रद्द करायला सुपरवायझरला हाक मारावी लागते, आणि तो नेमका चहाला गेलेला असतो. शिवाय सुट्टे परत मिळतात ते फक्त रोख रकमेतून. म्हणून जे अडू शकतं ते आधी मिटवायचं आणि उरलेला खड्डा नोटेने बुजवायचा.

कार्डाच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. मोठ्या दुकानांत रक्कम बिलाच्या संगणकावरून थेट स्वाइप मशीनवर जाते. लहान दुकानांत ती हाताने टाकतात. दिवसभर पूर्ण बिलाचे आकडे दाबणारी बोटं सवयीने २,३४८ दाबून मोकळी होतात. टॅप करून देताना पाच हजारांपर्यंत पिनही विचारला जात नाही, म्हणजे कार्ड टेकवलं की गेले. त्यामुळे आधी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून आकडा वाचायचा. चुकीची रक्कम गेलीच, तर मशीनचं दिवसाचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार पक्के करून बँकेकडे पाठवणं, होण्याआधी ती तिथल्या तिथे व्हॉइड, म्हणजे रद्द, करून घ्यावी. नंतर मग रिफंडची वाट बघा. आणि खात्यातून पैसे गेले पण मशीनमधून स्लिपच आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई.

त्या मुलीची खरी परीक्षा रात्री असते. रोख, कार्ड आणि वॉलेट यांचा हिशेब वेगवेगळा जुळवायचा. माझ्या पाचशेच्या नोटेची नोंद घाईत कार्डाखाली झाली, तर एकूण बेरीज बरोबर येते, पण गल्ल्यात पाचशे जास्त आणि कार्डाच्या अहवालात पाचशे कमी. पैसे कुठेही गेलेले नाहीत, तरी घरी जाता येत नाही.

परवा त्याच बिलातली बादली परत करायला गेले. कडी जोडायच्या जागी चीर होती. १८० रुपये नेमके कुठे परत करायचे? बादली रोखीतून घेतली होती की कार्डातून, हे बिलावर कुठेच नसतं, असणारही कसं! तिने क्षणभर स्क्रीनकडे पाहिलं आणि एकशे ऐंशीची क्रेडिट नोट छापून दिली. "पुढच्या बिलात वापरा काकू, तीन महिने चालते."

म्हणजे पुढच्या वेळी चौघं.