रविवारचं पेडिक्युअर बंद

रात्री दुकान आवरून अपॉइंटमेंटची वही घेऊन बसले. दिवाळीआधी दरपत्रक नवीन छापायचंय, आणि सरसकट दहा टक्के वाढवायचं मला पटत नाही. विश्रामबागेत आमच्या गल्लीतच आणखी दोन पार्लरं आहेत. आयब्रोला पाच रुपये वाढवले तरी बायका लगेच बोलून दाखवतात.

पेडिक्युअरचे आपण 350 घेतो. क्रीम, स्क्रब, पॅक, टबातली प्लास्टिक पिशवी मिळून 70 रुपये जातात. हातात 280 उरतात, म्हणून ते फायद्याचं वाटायचं. पण वेळ धरायचा तर बाई खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंतचा धरून चालत नाही. पाणी गरम करणं, नंतर टब घासून जंतुनाशकाने धुणं, कटर-पुशर स्वच्छ करणं, सगळं धरून 65 मिनिटं जातात. म्हणजे मिनिटाला सव्वाचार रुपये.

आयब्रोचे 50, दोऱ्याचा खर्च रुपयाभर, वेळ आठ मिनिटं. मिनिटाला सहा रुपये सुटतात. फुल हाताच्या वॅक्सचे 250, वॅक्स आणि पट्ट्यांचे 35, वेळ पंचवीस मिनिटं. तिथे साडेआठ पडतात.

रविवारी बाकावर चारजणी थांबलेल्या असतात. एका पेडिक्युअरच्या वेळात दोन वॅक्स आणि एक आयब्रो होते, म्हणजे 479 रुपये. 280 साठी तेवढी खुर्ची अडते. शिवाय ताटकळून एखादी उठून गेली की ती कुठल्याच हिशोबात दिसत नाही. ही तूट भरायला रविवारी 550 लावावे लागतील. आपल्याकडे तेवढे कोण देणार?

मग पेडिक्युअर काढूनच टाकावं, असं हाताखालची मुलगी म्हणाली. तिचं अर्धंच बरोबर आहे. बुधवारी दुपारी दोन ते पाच खुर्ची रिकामीच असते. तेव्हा 280 मिळाले तर ते निव्वळ वरचे. शिवाय वही चाळली तर पेडिक्युअरला येणाऱ्या बऱ्याचजणी त्याच फेरीत फेशियलही करून घेतात. त्यांना तोडून चालणार नाही.

म्हणून ठरवलं: पूर्ण पेडिक्युअर मंगळवार ते गुरुवार दुपारी, जुन्याच दरात. शनिवार-रविवारी फक्त नखं कापणं, घासणं आणि नेलपॉलिश, टबाशिवाय. वीस मिनिटं, 150 रुपये, सामानाचे वीस. मिनिटाला साडेसहा सुटतात, म्हणजे आयब्रोच्या जरा वरच.

जोशीकाकू रविवारीच येतात आणि त्यांना पाय भिजवल्याशिवाय चालत नाही. त्यांना उद्या फोन करून बुधवारचं विचारते. नाहीच जमलं तर रविवारी सकाळी नऊला, गर्दीआधी.

हेअर स्पाचं अजून ठरत नाही. वाफ देताना दुसरीच्या आयब्रो होतात, त्यामुळे त्यात माझा हात किती वेळ अडतो ते घड्याळ लावून बघायला हवं.