शिफारसपत्राला होकार लगेच मिळाला, अडलं ईमेलवर

सर पत्र द्यायला पहिल्याच भेटीत तयार झाले. पुढचं सगळं अडलं त्यांच्या ईमेलच्या पत्त्यावर.

तुलनात्मक धर्मेतिहासाच्या एम.ए.साठी मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा फॉर्म भरत होतो. त्यात शिफारस करणाऱ्याचा ईमेल द्यायचा, लिंक थेट त्यांना जाते आणि पत्र तेच अपलोड करतात. सरांचा जीमेल टाकला तर फॉर्म पुढे सरकेना. संस्थेचाच पत्ता हवा म्हणे. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात प्राध्यापकांना तसा पत्ताच नाही. कॉलेजचा म्हणून एकच ईमेल, तो ऑफिसात. क्लार्क म्हणाले, "लेटरहेडवर शिक्का मारून देतो की, आणि काय पाहिजे?" आता तो शिक्क्याचा कागद मीच अपलोड केला तर ती गोपनीय शिफारस कसली? ईमेल वापरू द्या म्हटलं, तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. आणला. मग प्राचार्य रजेवर. मुदत जवळ येत होती आणि मी ऑफिसातल्या बाकावर बसून पंख्याकडे बघत होतो.

शेवटी वैतागून विद्यापीठाच्या प्रवेश विभागालाच लिहिलं: सरांना संस्थेचा ईमेल नाही, कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांचं नाव इथे आहे, पत्र लेटरहेडवर येईल. त्यांनी जीमेल आपल्या बाजूने नोंदवून घेतला. तुमचीही गाडी इथेच अडली तर ऑफिसच्या आधी तिकडे विचारा. आणि सरांना स्पॅम बघायला सांगा, आमची लिंक तिथेच पडली होती.

सरांना विनंतीचं पत्र मात्र मी मन लावून लिहिलं होतं. वर्गातला हुशार विद्यार्थी एवढ्यावर कुणी काय लिहिणार? त्यातला मुख्य भाग असा:

"आदरणीय सर, सादर प्रणाम. हलशीच्या कदंब ताम्रपटांवरचा माझा प्रबंध आपण तपासला होता. मृगेशवर्माच्या एकाच दानात यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक हे तिन्ही संघ येतात. यापनीय साधू दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला मोक्ष मिळतो हे श्वेतांबरांचं मत मानत. मग राजाच्या लेखी हे पंथ वेगळे होते का, हा प्रश्न आपण समासात लिहिला होता. पुढे मला हेच शिकायचं आहे. मी मूळ संस्कृत पाठ वाचून त्यावर काम केलं, याबद्दल आपण लिहू शकाल का?"

सोबत प्रबंध, गुणपत्रक आणि शेवटची तारीख जोडली. सरांनी त्या समासातल्या प्रश्नापासूनच पत्र सुरू केलं, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

हो, फॉर्ममध्ये एक चौकट असते: पत्र वाचण्याचा हक्क सोडता का? सोडा. नाहीतर विद्यार्थ्याच्या नजरेखाली लिहिलेलं पत्र म्हणून समिती त्याला फारसं वजन देत नाही.