बाजूचा फोटो, नोंद ५ : कास हॉकच्या वर दिसते, पण खरंच आहे का?

गाय : एचएफ संकरित, तिसरं वेत, वाळवा तालुक्यातला गोठा. दोन्ही फोटो संध्याकाळच्या धारेआधी तासभर काढलेले. रिकाम्या कासेवरून ती किती खाली उतरते हे ठरवू नये, म्हणून वेळ ठरवून घेतली.

पहिला फोटो उभं राहून, साधारण अडीच मीटरवरून काढलेला. कासेचा तळ हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या वळलेल्या सांध्याच्या, चांगला ८ सेंमी वर दिसला. तिसऱ्या वेताला अशी कास म्हणजे फारच छान. दुसरा फोटो पाच मीटरवरून, खाली बसून, मोबाईल हॉकच्या उंचीला धरून काढला, तर तळ हॉकच्या रेषेतच निघाला. गाय तीच, वेळही तीच.

कारण सोपं आहे. आपल्या बाजूचा हॉक कॅमेऱ्याजवळ असतो आणि कास त्याच्या वीसेक सेंमी आत. वरून खाली पाहिलं की लांबची वस्तू फोटोत वर सरकते. हॉक जमिनीपासून ५५ सेंमीवर आणि मोबाईल १६० सेंमीवर धरला, तर अडीच मीटरवरून ही फसवणूक जवळजवळ ८ सेंमीची होते, पाच मीटरवरून ४ सेंमीची. मोबाईल हॉकच्या उंचीला आणला की ती संपते. विक्रीच्या फोटोंत कासा उंच दिसतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

म्हणून आता दोन फोटो घ्यायचे : कासेसाठी बसून, आणि बांध्यासाठी पोटाच्या मध्याच्या उंचीवरून. मोबाईलवर झूम करण्यापेक्षा मागे सरकून काढलेला बरा.

पायाचा कोन त्याच फोटोत मोजला. हॉकशी साधारण १४७ अंश मध्यम धरतात. १६० कडे गेला तर पाय ताठ, १३५ च्या आसपास आला तर कोयत्यासारखा वाकडा. आपल्या गायीचा १३८ आला, पण तिने पाय पोटाखाली ओढला होता. दोन पावलं चालवून पुन्हा थांबवल्यावर १४६. एका फोटोवर पायाला दोष देऊ नका. दोनदा तोच कोन आला तरच धरा.

बांध्याचं थोडक्यात : कमरेचं हाड बैठकीच्या हाडापेक्षा जरा वर हवं. गोठ्याची फरशी गटाराकडे उतरती असते, त्यामुळे हे सपाट अंगणातच पाहायचं.

म्हशीला हीच पट्टी लावू नका, तिचा पुठ्ठा मुळातच जास्त उतरता असतो. शिवाय काळी कास सावलीत पोटात मिसळून जाते. कोवळ्या उन्हात, ऊन आपल्या पाठीशी ठेवून, स्क्रीनवर कासेला बोट लावून उजेड वाढवा, तरच पुढची कास पोटाला कुठे चिकटते ते दिसतं.

कासेचा मधला बंध आणि मागची रुंदी या फोटोत येतच नाही. त्यासाठी मागून काढलेला फोटो पुढच्या नोंदीत.