वॉचमनच्या तोंडी नाव

पुण्यातल्या एका नव्या कंपनीचं नाव ठरवायचं काम माझ्याकडे होतं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार ॲपवरून घरी पाठवणारी कंपनी. मालकांच्या मनात ‘भरवसा’ पक्कं बसलं होतं. यादीत ‘झटपट फिक्स’ आणि ‘ओसरी’ही होती.

लोगो आणि रंग मी बाजूलाच ठेवले. बुकिंग करणारा बहुतेकदा ऑफिसात असतो आणि घरी त्याची आई एकटी असते. बटण दाबण्याआधी त्याच्या डोळ्यांपुढे तेच येतं: अनोळखी माणूस दारात, आणि आई काय म्हणेल? म्हणून मालकांना घेऊन कोथरूडच्या एका सोसायटीच्या गेटवर गेलो. सेक्रेटरींनी रहिवाशांना आधी कल्पना दिली होती, नावं मात्र सांगितली नव्हती. वॉचमन इंटरकॉमवर एवढंच विचारायचा, “ताई, अमुककडून माणूस आलाय, पाठवू का?” समोरून येणारं पहिलं वाक्य मी टिपून घ्यायचो.

‘झटपट फिक्स’ला उत्तर आलं, “पार्सल असेल तर खालीच ठेवा.” एक आजोबा उखडलेच. “झटपट नको. मागचा असाच टेप गुंडाळून पळाला, नळ अजून गळतोय!” ‘भरवसा’ म्हटल्यावर एका काकूंनी विचारलं, “विमावाले का? नको म्हणावं.” मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भरवशाचं नाव स्वतःच घेणाऱ्याकडे आपली माणसं जरा निरखूनच बघतात, हे मला नवं नव्हतं. त्यांना ते कानांनी ऐकायला हवं होतं.

‘ओसरी’ला मात्र, “बरं, काय काम आहे?” असं बऱ्याच घरांतून आलं. मला हवी होती ती खूण हीच. चौकशी माणसावरून कामावर सरकली होती.

“पण यातून दुरुस्ती कुठे कळते?” मालकांचा प्रश्न रास्त होता. ते सांगायला नावाखाली एक ओळ पुरते. शिवाय कामाचं निव्वळ वर्णन करणारं नाव 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मध्ये अडकतं. घरगुती सेवा देणाऱ्या अर्बनक्लॅपने 2020 मध्ये अर्बन कंपनी हे नाव घेतलं, त्यातही दुरुस्ती कुठे आहे? दुरुस्तीच्या सेवा ट्रेडमार्कच्या वर्ग 37 मध्ये येतात. तिथे नुसतं स्पेलिंग न बघता उच्चारावरूनही शोध घेतला, कारण कानाला सारखं वाटणारं नावही आडवं येऊ शकतं.

उरलं स्पेलिंग. फोनवर नाव एकदाच सांगून लोकांना टाइप करायला लावलं. कुणी Osari लिहिलं, कुणी Osri, कुणी Osaree. निकाल लागला तो एसएमएसमुळे. ओटीपीच्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं, तो हेडर आम्हाला सहा अक्षरांचा हवा होता. OSARI पाचच भरतं, आणि शेपटाला उगाच एखादं अक्षर जोडलं की मेसेज फसवा वाटायला लागतो. मग OSAREE ठेवलं, आणि बाकीच्या दोन स्पेलिंगांचे डोमेन घेऊन तिकडेच वळवले.