खापराखालची पाटी

दादरच्या एका शाळेतील प्रदर्शनासाठी आज महाराष्ट्रातील प्राचीन शेतकरी वस्त्यांच्या जोर्वे संस्कृतीच्या, सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या खापराच्या छायाचित्राखाली लावायची पाटी लिहिली. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेषांची नक्षी असलेल्या या तुकड्याला तोटीचा बुंधा शिल्लक आहे, त्यामुळे भांडे काही ओतण्यासाठी होते, असे लिहिता आले. आतल्या बारीक समांतर रेषांवरून ते चाकावर घडवल्याचे कळते. बाहेर काजळी नाही, म्हणून ते चुलीवर चढत नसावे, अर्थात काजळी धुऊनही गेली असेल. त्यातून पाणी ओतत की दूध, हे मुले आधी विचारतील. पण ते छायाचित्रावरून सांगता येत नाही, त्यासाठी खापरात मुरलेल्या अंशांची रासायनिक तपासणी लागते, असे पाटीवर स्पष्ट लिहिले. तुकडा केवढा आहे हे कळावे म्हणून छायाचित्रातील मोजपट्टी मात्र कापू दिली नाही.