नंबर माझा, नाव पुतण्याचं

मोबाईल कंपनीच्या स्टोअरला काउंटरवर बसतो मी, निफाडकडच्या एका गावात. डुप्लिकेट सिम हे आमचं रोजचंच काम. गिऱ्हाईक ओरिजिनल आधार घेऊन येतं, अ‍ॅपमध्ये त्याचा तिथल्या तिथे फोटो काढायचा, आधारचं व्हेरिफिकेशन करायचं, सिम हरवलंय तर पोलिसांचा गहाळ दाखला घ्यायचा, दुसऱ्या एखाद्या चालू नंबरवर ओटीपी पाठवायचा आणि नवीन सिम नंबरला जोडायचं. यात अवघड काही नाही, तरी गुरुवारचं ते प्रकरण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

मार्केटला कांदा घातलेले एक बाबा आले. लिलावाच्या गर्दीत खिशातून फोन गेलेला. आधार होतं, बायकोचा फोन घेऊन आलेले म्हणून दुसरा नंबरही होता, दाखलासुद्धा आणलेला. दाखल्यासाठी पोलीस स्टेशनात सकाळचे तीन तास गेले म्हणे, आणि तेवढा वेळ सिम चालूच! मी नंबर लावून बघितला तर रिंग जात होती. लोकांना हे कोणी सांगतच नाही की आधी कस्टमर केअरला फोन करून नंबर बंद करा, दाखला मग बघू. फोनला पासवर्ड असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकतो आणि ओटीपी त्याला जातात.

म्हणून आधी बंद करायला फोन लावला. पलीकडून विचारलं, नंबर कोणाच्या नावावर आहे? बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं. "सर, डिटेल्स जुळत नाहीत." मी सिस्टिममध्ये बघितलं तर सिम पुतण्याच्या नावावर. कधीतरी त्यानेच आणून दिलेलं आणि बाबा तेव्हापासून वापरतायत, बँकेला तोच नंबर, सोसायटीला तोच.

"आरे भाऊ, दहा वर्षं मी वापरतोय, गावात कोणालाबी विचार."

गावाला विचारून काय करू, समोर फोटो पाहिजे तो ज्याच्या नावावर सिम आहे त्याचा. आणि हा नियम मला चुकीचा वाटत नाही. दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट काढून खातं साफ करणारे कमी नाहीत. पण समोर खरा माणूस बसलेला असतो तेव्हा तोंडातून "नाही होणार" निघत नाही हो.

बाबांना म्हटलं, पहिले बँकेत जा, खात्यातून पैसे जाणं बंद करायला सांगा, आणि मजुरीचे पैसे लागतायत ना, मग आधी पासबुक घेऊन स्लिपवर काढून घ्या आणि नंतर बंद करा. ते गेले. तोवर मी काकूंच्या फोनमधून पुतण्याचा नंबर घेतला. तो चाकणला कंपनीत. त्याने शिफ्टमधूनच कस्टमर केअरला लावून स्वतःचं नाव सांगितलं आणि नंबर बंद केला, एवढं पहिले झालं.

मग तो म्हणे रविवारी येतो गावाला, तेव्हा काढू. मी म्हटलं थांबू नको, पुणे आणि आपण मोबाईल कंपनीच्या एकाच सर्कलमध्ये आहोत, तिथल्याच स्टोअरला आजच सिम काढ. (मुंबई वेगळं सर्कल, तो तिकडे असता तर कठीण होतं.) कारण खरी मेख पुढे आहे. नवीन सिमला नेटवर्क थोड्या वेळात येतं, कॉल लागतात, पण एसएमएस 24 तास बंद असतो, येणारा पण आणि जाणारा पण. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही आणि यूपीआय तर नाहीच, कारण यूपीआय चालू करताना आपल्या फोनमधून एक मेसेज बँकेकडे जावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपला कॉलवर कोड घेता येतो, बाकी बसून राहायचं. आणि हे 24 तास मोजायचे सिम चालू झाल्यापासून, फोनमध्ये टाकल्यापासून नाही. तर ते तास रस्त्यातच का घालवू नयेत!

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुतण्याने सिम चालू केलं आणि रात्री गावाकडे निघालेल्या पिकअपच्या ड्रायव्हरकडे दिलं. शुक्रवारी दुपारी बाबा ते पोराच्या जुन्या फोनमध्ये टाकून आले. कॉल लागत होते, मेसेज नाही. "तुमचं सिमच खराब आहे" म्हणून दुकानात आवाज चढवला, चार गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. त्यांचं तरी काय चुकलं, सिमच्या पाकिटावर याबद्दल एक अक्षर छापलेलं नसतं, कंपनीच्या मेसेजात "लवकरच सेवा सुरू होईल" एवढंच, आणि शिव्या काउंटरवाल्याला. सहानंतर पहिला मेसेज आला तो लोनच्या जाहिरातीचा.

मग सीईआयआरच्या सरकारी साईटवर चोरीला गेलेला हँडसेट ब्लॉक करायचा अर्ज भरला. त्याला दाखला लागतो, खोक्यावरचा आयएमईआय लागतो आणि ओटीपी याच नंबरवर, म्हणजे डुप्लिकेट सिम आणि त्याचे 24 तास झाल्याशिवाय तेही होत नाही. तोवर चोर फोन वापरणार, यावर कोणी का बोलत नाही कळत नाही.

निघताना म्हटलं, बाबा, पुतण्या गावाला आला की दोघं या, नंबर तुमच्या नावावर करून टाकू. तर म्हणतात, "राहू दे रे, घरचंच पोर हाये ते." उद्या जमिनीवरून काही वाजलं तर, हे माझ्या अगदी ओठांवर आलेलं, पण काउंटरवरून असलं बोलता येत नाही. काकूंच्या फोनवर रिमाइंडर लावून दिलाय.